अरबी नावाआधीचं ‘इंजिनिअर’ इंग्रजीत कधी ठेवायचं?

प्रश्न: पुण्यातल्या एका बांधकाम कंपनीसाठी कैरोहून येणाऱ्या अरबी पत्रांचं आणि मीटिंगच्या मिनिट्सचं मी इंग्रजी करतो. प्रत्येक नावाआधी डॉक्टर, इंजिनिअर नाहीतर शेख असतंच. इंग्रजीत हे ठेवू की काढू? ऑफिसात दोन्ही मतांची माणसं आहेत.

उत्तर:

सरसकट ठेवू नका आणि सरसकट काढूही नका. त्या जागी ते बिरुद काय काम करतंय ते आधी बघा. नुसतं आदरानं नाव घेण्यासाठी आलं असेल तर इंग्रजीत त्याची गरज नाही. माणसाचा दर्जा किंवा अधिकार त्यातूनच कळत असेल तर ते ठेवायलाच हवं. बांधकामाच्या कागदांत ‘इंजिनिअर’ हा शब्द मात्र फार जपून वापरा, कारण तिथली चूक थेट बिलांपर्यंत जाते. मी अरबीतून इंग्रजीत भाषांतर करते, त्यातही कंत्राटांचीच कागदपत्रं जास्त. म्हणून त्याबद्दलच सविस्तर लिहिते.

इजिप्तमध्ये इंजिनिअरिंगची पदवी घेतली की माणूस जन्मभर ‘मुहंदिस’ असतो. समोरासमोर त्याला ‘या बाशमुहंदिस’ अशी हाक मारतात. यातलं ‘या’ म्हणजे आपलं ‘अहो’. ‘बाश’ तुर्कीतून आलंय, अर्थ ‘मुख्य’. पण आज काल-परवा पास झालेल्या पोरालाही बाशमुहंदिसच म्हणतात. वास्तुरचनाकार, शेतकी पदवीधर आणि आता प्रोग्रॅमरसुद्धा यात येतात. तसंच ‘या डॉक्टर’ म्हटलं की समोर फार्मासिस्ट असेल, जनावरांचा डॉक्टर असेल किंवा कॉलेजातला प्राध्यापक. सरकारी पत्रात ‘अस-सय्यिद अल-मुहंदिस’ लिहून एक तिरकी रेघ मारतात आणि मग नाव येतं. घाईच्या मजकुरात नुसतं ‘मीम’ अक्षर आणि रेघ असली तर तो मुहंदिस, ‘दाल’ असेल तर डॉक्टर, ‘अलिफ’ असेल तर उस्ताज, म्हणजे साधारण आपले ‘श्री.’ किंवा ‘सर’. आपल्याकडच्या फ्लेक्सवर ‘ॲड.’, ‘प्रा.’, ‘इंजि.’, ‘ह.भ.प.’ ज्या सहजतेनं येतात, त्याच सहजतेनं हे येतं. त्यामुळे आपल्याला ते खटकत नाही. इंग्रजी वाचणाऱ्याला खटकतं, कारण नावाआधी ‘एंजिनिअर’ लावायची रीत ब्रिटिश किंवा अमेरिकन इंग्रजीत नाही.

इजिप्तच्या पंतप्रधानांचंच उदाहरण घ्या. 2014 मध्ये आलेले इब्राहिम महलब अरबी वर्तमानपत्रांत कायम ‘अल-मुहंदिस इब्राहिम महलब’ असायचे. त्यांच्यानंतरचे शरीफ इस्माईलही ‘अल-मुहंदिस’च. 2018 मध्ये मुस्तफा मदबूली आले. ते मूळचे वास्तुरचनाकार, पण पीएचडी असल्यामुळे ‘अद-दुक्तूर’. डॉक्टर लागलं की मुहंदिस गळून पडतं. बाहेरच्या इंग्रजी वृत्तसंस्थांनी तिघांनाही नुसतं ‘पंतप्रधान अमुक’ लिहिलं, आणि तेच बरोबर आहे. पंतप्रधान म्हटल्यावर अधिकार कळला, पदवीनं बातमीत काही भर पडत नाही. उलट इराकचे अबू महदी अल-मुहंदिस घ्या, जे जानेवारी 2020 मध्ये बगदादमध्ये मारले गेले. तिथे ‘अल-मुहंदिस’ हा त्यांच्या धारण केलेल्या नावाचाच भाग आहे, म्हणून त्याचं भाषांतरही करत नाहीत आणि ते गाळतही नाहीत.

आता तुमच्या कामाकडे येते. परदेशातली मोठी बांधकामं बऱ्याचदा फिडिक या सल्लागार इंजिनिअरांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नमुना-कंत्राटावर चालतात. त्याच्या 1999 च्या ‘लाल पुस्तक’ नावाच्या नमुन्यात ‘द एंजिनिअर’ ही व्याख्या करून दिलेली भूमिका आहे. मालकानं नेमलेला हा इंजिनिअर कंत्राट चालवतो, कंत्राटदाराला सूचना देतो, बिलं प्रमाणित करतो. ही भूमिका अख्ख्या सल्लागार कंपनीकडेही असू शकते. अरबी कंत्राटात यालाही ‘अल-मुहंदिस’च म्हणतात. म्हणजे कंत्राटातला अधिकारी आणि साइटवरचा प्रत्येक पदवीधर यांना एकच शब्द.

समजा मिनिट्समध्ये असं वाक्य आहे: ‘अल-मुहंदिस/ महमूद हसन यांनी तिसऱ्या मजल्याच्या स्लॅबचं काँक्रीट गुरुवारी ओतायला संमती दिली.’ हे महमूद हसन कंत्राटदाराचे साइट इंजिनिअर आहेत. सल्लागारानं गुरुवार सुचवला आणि ते ‘चालेल’ म्हणाले, एवढंच घडलंय. तुम्ही शब्दाला शब्द ठेवून ‘एंजिनिअर महमूद हसन ॲप्रूव्ह्ड’ असं लिहिलंत, तर पुण्यातला वाचणारा समजणार की कंत्राटातल्या इंजिनिअरनं काम तपासून मंजुरी दिली. पुढे स्लॅबला तडे गेले, सळया चुकीच्या बांधल्या होत्या असं निघालं, की हेच वाक्य कुणीतरी पुढे करणार: मंजुरी तर इंजिनिअरचीच होती. प्रत्यक्षात ज्याला मंजुरी द्यायचा अधिकारच नव्हता, त्याच्या नावावर तुमच्या भाषांतरानं मंजुरी लिहिली.

यातून सुटायचं तर मिनिट्सच्या सुरुवातीला हजर असलेल्यांचा तक्ता असतो, त्याचा उपयोग करा. नाव, हुद्दा आणि कोणत्या पक्षाचा माणूस, हे तिथे एकदा नीट लिहा. पुढे मजकुरात ‘मिस्टर महमूद हसन’ पुरे, आणि पहिल्या उल्लेखाला कंसात ‘साइट एंजिनिअर, कॉन्ट्रॅक्टर’. क्रियापदाकडेही लक्ष द्या. अरबीत ‘वाफक’ म्हणजे संमती दाखवली, राजी झाला. ‘इअतमद’ म्हणजे रीतसर मंजूर किंवा प्रमाणित केलं. पहिल्याचं ‘ॲप्रूव्ह्ड’ करायचा मोह होतो, पण तो शब्द अधिकार असलेल्या माणसासाठी राखून ठेवा, बाकीच्यांना ‘अग्रीड’.

कंत्राटातला इंजिनिअर ओळखायची खूणही सांगते. ‘अल-मुहंदिस’नंतर रेघ आणि नाव आलं तर बहुतेक वेळा ती पदवी असते. नाव न येता नुसतंच ‘अल-मुहंदिस’ आलं आणि तो प्रमाणपत्र देतोय, सूचना काढतोय असं असलं, तर ती भूमिका आहे. इंग्रजीत मोठ्या ‘ई’नं ‘द एंजिनिअर’ लिहा. बोलण्यात आणि मिनिट्समध्ये त्याच भूमिकेला बऱ्याचदा ‘अल-इस्तिशारी’, म्हणजे सल्लागार, म्हणतात. कंत्राटात ‘एंजिनिअर’ असताना मिनिट्समध्ये ‘कन्सल्टंट’ आला, तर दोन्ही एकच आहेत ना, हे विचारून घ्या. मनानं एकच शब्द करून टाकू नका.

पत्रांचा न्याय वेगळा. पत्र कुणाला जातंय त्यावर ठरतं. कैरो, रियाध किंवा दुबईतला माणूस स्वतःच्या इंग्रजी कार्डावर नावाआधी ई-एन-जी आणि टिंब छापतो. त्याला इंग्रजीतून पत्र लिहिताना पत्त्यात आणि मायन्यात ते ठेवा. तिथल्या ऑफिसातल्या इंग्रजीत ती रूढ रीत आहे आणि गाळलंत तर मान राखला नाही असं त्याला वाटेल. तेच पत्र पुण्यातल्या संचालकांसाठी इंग्रजीत करताना ‘मिस्टर’ करा. कागद एकच, वाचणारा वेगळा.

‘डॉक्टर’चा फारसा प्रश्न येत नाही, कारण इंग्रजीत ते आहेच. पीएचडी किंवा वैद्यकीय पदवी असेल तर ठेवा. फार्मासिस्टला फक्त रिवाजानं डॉक्टर म्हटलं असेल तर औपचारिक कागदात काढा आणि त्याचा पेशा लिहा. खरी फसगत पुढच्या नावात होते. अरबीत बिरुद स्वतःच्या नावाला लागतं: डॉक्टर महमूद. इंग्रजी सवयीनं आपण शेवटचं नाव उचलून ‘डॉक्टर हसन’ करतो. पण इजिप्तमध्ये महमूद हसनमधलं ‘हसन’ हे बऱ्याचदा वडिलांचं नाव असतं, आडनाव नव्हे. आपल्याकडे मधल्या नावानं कुणाला हाक मारली तर जसा घोटाळा होईल तसाच. कायदेशीर कागदात प्रत्येक वेळी पूर्ण नाव लिहा. पत्रव्यवहारात ‘डॉक्टर महमूद’ चालतं, आणि तेच तो स्वतः वापरतो.

‘शेख’ला देशाप्रमाणे अर्थ बदलतो, म्हणून आधी पत्र कुठून आलंय ते बघा. अमिरात, कतार, कुवेत, बहरीनमध्ये तो राजघराण्यातल्यांचा किताब आहे. शेख मोहम्मद बिन राशिद अल मकतूम यांचं ‘शेख’ गाळणं म्हणजे सरळ चूकच. बहरीनच्या सरकारी इंग्रजीत स्पेलिंग वेगळं, ‘ए-आय’ घालून करतात. ज्याचं जसं त्याचं तसं ठेवा. सौदीत राजघराण्यातला माणूस ‘अमीर’ असतो आणि शेख म्हणजे धर्मपंडित किंवा टोळीप्रमुख. ओमानात राजघराण्याला ‘सय्यिद’ लावतात आणि शेख टोळीप्रमुख असतो. इजिप्तमध्ये शेख म्हणजे बहुधा कैरोच्या अल-अझहर विद्यापीठात शिकलेला धर्मज्ञ. लेबनॉनमध्ये तर जुमाय्यिल आणि खाझिनसारख्या मारोनी ख्रिस्ती घराण्यांतही शेख आहेत, त्यामुळे शेख म्हणजे मुसलमान हेही गृहीत धरू नका. या सगळ्या ठिकाणी बिरुद दर्जा सांगतं, म्हणून ठेवायचं. पण आखाती व्यापाऱ्याला त्याचे नोकर आणि पुरवठादार आदरानं ‘या शेख’ म्हणत असतील, तर बिलावर आणि करारावर त्याच्या पासपोर्टवरचंच नाव घ्या. आणि संवादात कुणी वैतागून किंवा चकित होऊन ‘या शेख!’ म्हणालं, तर तिथे कुणी शेख नसतोच. ते ‘अरे जा रे’, ‘काय सांगतोस’ या जातीचं आहे, म्हणून इंग्रजीतही तसाच उद्गार द्या.

राहिली एक गोष्ट, जी बिरुद काढताना हमखास विसरते. स्त्रीसाठी अरबीत ‘मुहंदिसा’, ‘दुक्तूरा’ असं रूप होतं. नूर, सबाह, इहसान ही नावं बायकांचीही असतात आणि पुरुषांचीही. ‘अल-मुहंदिसा/ नूर’मधलं बिरुद काढून तुम्ही नुसतं ‘नूर’ ठेवलंत, तर पुण्याहून उत्तर ‘डिअर मिस्टर नूर’ असं जाणार. म्हणून बिरुद काढलं की त्या जागी ‘मिझ’ लिहा. मूळातच फक्त ‘मीम’ आणि रेघ असेल तर स्त्री की पुरुष ते बिरुदातून कळत नाही. मग त्या वाक्याचं क्रियापद बघा: ‘वाफक’ असेल तर पुरुष, ‘वाफकत’ असेल तर बाई. मात्र अरबी वाक्यात क्रियापद बहुधा नावाच्या आधी येतं, त्यामुळे ते शोधायला एक शब्द मागे जावं लागतं.