एकाच घरावर तीन ट्रस्ट?

प्रश्न: मी इंग्लंडमध्ये एलएल.बी. करतो. पेपरात काकूंनी २,४०,००० पौंडांच्या घरासाठी ६०,००० पौंड दिले, पण घर एकट्या पुतण्याच्या नावावर. तो तोंडी म्हणाला, "पाव हिस्सा तुमचा." दोघं तिथेच राहतात. पुढे "घर आपलं दोघांचंच" म्हणून काकूंनी छपरावर ३०,००० खर्च केले. स्वतःच्या बँक खात्याबद्दलही तो नेहमी म्हणायचा, "हे पैसे जितके माझे तितकेच तुमचे." मी घरावर एक्स्प्रेस, रिझल्टिंग आणि कन्स्ट्रक्टिव्ह असे तिन्ही ट्रस्ट लिहिले आणि गुण गेले. नेमका कोणता?

उत्तर: आधी खातं वेगळं काढा. पैशांच्या ट्रस्टला लेखी कागद लागत नाही. पॉल विरुद्ध कॉन्स्टन्स, १९७७, या खटल्यात जवळपास याच शब्दांवर एक्स्प्रेस ट्रस्ट मानला गेला, कारण ते पुन्हा पुन्हा बोलले गेले होते आणि दोघांची वागणूकही तशीच होती. सहज निघालेल्या एका वाक्यावर मात्र हे उभं राहत नाही.

घराचं तसं नाही. "पाव हिस्सा तुमचा" हाही एक्स्प्रेस ट्रस्टच, पण तो जमिनीचा. १९२५च्या लॉ ऑफ प्रॉपर्टी ॲक्टचं कलम ५३(१)(ब) त्याला सही असलेला लेखी पुरावा मागतं. तो नसेल तर ट्रस्ट रद्दबातल होत नाही, फक्त त्याची अंमलबजावणी मागता येत नाही. बरेच विद्यार्थी इथे 'रद्द' लिहून गुण घालवतात. पुतण्याने नंतर सही करून तसं पत्र लिहिलं असेल तर तेवढंही पुरतं, म्हणून प्रश्नातली पत्रं नीट वाचा.

कागद नसेल तर कलम ५३(२) कामाला येतं, कारण रिझल्टिंग आणि कन्स्ट्रक्टिव्ह ट्रस्टना ही अट नाही. तुमची चूक बहुधा इथेच झाली. ६०,००० भागिले २,४०,०००, म्हणजे २५ टक्के, रिझल्टिंग ट्रस्ट, असं लिहून मोकळं व्हावंसं वाटतं. पण तो हिशेब खरेदीच्या दिवशीच गोठतो. छपराचे ३०,००० त्यात धरताच येत नाहीत. घर भाड्याने देण्यासाठी घेतलं असतं, तर लास्कर विरुद्ध लास्कर, २००८, दाखवून मीही तेच लिहिलं असतं. तिथे आई आणि मुलीनेच घर घेतलं होतं, पण ते गुंतवणूक म्हणून.

राहत्या घराला मात्र कन्स्ट्रक्टिव्ह ट्रस्ट, म्हणजे स्टॅक विरुद्ध डाउडन, २००७, आणि जोन्स विरुद्ध केर्नॉट, २०११, लागू होतात. दोघांचा सामाईक इरादा काय होता आणि त्यावर विसंबून काकूंनी आपलं काय नुकसान करून घेतलं, हे पाहायचं. खरेदीच्या वेळी इरादा पाव हिश्श्याचा होता. छपराच्या वेळचे शब्द आणि ३०,००० पाहता तो बदलून निम्म्यावर आला, असा युक्तिवाद करता येतो. पुतण्या म्हणेल, "दोघांचंच" हे नुसतं आपुलकीचं बोलणं होतं. हिश्श्याबद्दल त्यांचा इरादा शब्दांतून वा वागण्यातून सापडलाच नाही, तरच कोर्ट संपूर्ण व्यवहार पाहून न्याय्य वाटेल तो हिस्सा ठरवतं. उत्तरातला सर्वांत मोठा परिच्छेद याच वादाचा हवा.