'ऑडिटरी' मुलगा आणि कोरा कागद

"ताई, कोण कसं शिकतं ते ओळखायला शाळेत प्रश्नावली भरून घेतली, त्यात आमचा आठवीतला मुलगा ऑडिटरी, म्हणजे ऐकून शिकणारा निघाला. आता तो पुस्तक उघडतच नाही, मोबाईलवर धडे ऐकत बसतो. मार्क मात्र घसरले. त्याच्या पद्धतीने शिकवणारा क्लास जळगावात मिळेल का?"

असा क्लास शोधू नका, असं मी रावेरकडून आलेल्या या आईला सांगितलं. मुलाला ऐकायला आवडतं, एवढंच त्या प्रश्नावलीतून कळलं होतं. आवडीच्या पद्धतीने शिकवलं की जास्त येतं का, हे पाहायचं तर ऐकणं आवडणारी आणि पाहणं आवडणारी मुलं घ्यावी लागतात. दोन्ही गटांतल्या निम्म्यांना ऐकवून, निम्म्यांना दाखवून शिकवायचं आणि सगळ्यांना एकच पेपर द्यायचा. ज्याला त्याला आपापल्या पद्धतीतच जास्त मार्क पडले, तर दावा खरा. मानसशास्त्रज्ञ हॅरल्ड पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये उपलब्ध संशोधन चाळलं, तेव्हा अशा चोख तपासण्या मोजक्याच निघाल्या आणि त्यांतूनही दाव्याला आधार मिळाला नाही. 2015 च्या एका प्रयोगात प्रौढांना तोच मजकूर कुणाला ऐकायला, कुणाला वाचायला दिला. लगेच आणि दोन आठवड्यांनी परीक्षा घेतली. आवडीचा आणि आकलनाचा मेळ काही बसला नाही.

मुलाशी बोलण्याआधी त्याच्याकडून एक उतारा मोठ्याने वाचून घेतला. वाचन अडखळत असेल तर 'ऑडिटरी' या शिक्क्याखाली ती अडचण वर्षानुवर्षं दडून राहते. याचं वाचन साफ होतं.

मग हृदयाचा धडा विचारला. "माले समदं येस," म्हणाला. व्हिडिओ पुष्कळदा ऐकला होता. मी कोरा कागद पुढे केला: रक्ताचा रस्ता काढ. चार कप्पे काढले, उजव्या निलयापर्यंत बाण नेला आणि तिथून थेट डाव्या निलयात. फुप्फुसं गायबच! वारंवार ऐकल्याने धडा ओळखीचा झाला होता, आणि ओळखीचं वाटलं की येतंय असंही वाटतं. कुठे अडतं ते कोऱ्या कागदानेच दाखवलं.

पुढचं त्याच्या विज्ञानाच्या सरांशी फोनवर ठरवलं. आकृती फळ्यावर काढता काढताच सरांनी बोलायचं, वर्गातल्या सगळ्यांसाठी, कारण रक्ताचा रस्ता नुसत्या शब्दांत कुणालाच नीट धरता येत नाही. कविता असती तर ऐकवणंच बरं; माध्यम विषय पाहून ठरवायचं. तासाच्या शेवटी पुस्तकं बंद करून प्रत्येकाने आकृती आठवून काढायची, मग पुस्तक उघडून लाल पेनाने चुका दुरुस्त करायच्या. दोन दिवसांनी पुन्हा तेच, आणि आठवड्याने आणखी एकदा. पहिल्या खेपेला मुलं कुरकुरतात, कारण आठवणं ऐकण्यापेक्षा जड जातं.

मोबाईल काढून घेऊ का, असं आईने जाताना विचारलं. नको म्हटलं. ऐकू दे, फक्त ऐकून झालं की कागद पुढे करा.