फाइल फुगली, चित्र तेवढंच!

एमकेव्हीचं एमपी४ केलं की फाइल लहान होते असं ऐकलंय. खरं का?

नाही. हे दोन्ही नुसते डबे आहेत, वजन आतल्या मालाचं असतं.

फोनवर काढलेला १० मिनिटांचा व्हिडिओ ४५० एमबीचा होता. जुन्या टीव्हीवर चालेना म्हणून कन्व्हर्ट केला, तर ९०० एमबीचा झाला. क्वालिटी वाढली का?

वाढली नाही, उलट किंचित घटली असणार. दर आठवड्याला हा प्रश्न येतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

फाइलचा आकार ठरतो बिटरेटवर, म्हणजे एका सेकंदाच्या चित्राला किती डेटा दिला यावर. तुमच्या १० मिनिटांचे सेकंद ६००. ४५० एमबीला ६००ने भागून ८ने गुणलं की सेकंदाला ६ मेगाबिट येतात. नव्या फाइलचा हाच हिशेब १२ मेगाबिट येतो. फोनने बहुधा HEVC हा कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबायची पद्धत, वापरला असेल. साधारण तेवढंच चित्र जुन्या H.264 पेक्षा जवळपास निम्म्या जागेत बसवणं ही त्याची खासियत. जुन्या टीव्हीला तो कळत नाही, म्हणून कन्व्हर्टरने H.264 केलं आणि सेटिंगमध्ये जो बिटरेट होता तो ओतला. मूळ फाइल केवढी होती याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. तो प्रत्येक फ्रेम उलगडतो आणि नव्याने दाबतो. पहिल्या वेळी पडलेले चौकोनी डाग, अंधारातली रवाळ खरखर, सगळं खरं चित्र समजून इमानेइतबारे जपतो. त्यातच जागा जाते. ‘हाय क्वालिटी’ नावाचं मोठं बटण म्हणजे बहुतेक वेळा नुसता जास्त बिटरेट, आणि त्याचे पैसे मागणाऱ्यांना तर माझा कोपरापासून नमस्कार!

खात्री करायची तर दोन्ही फाइली MediaInfo या फाइलची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडा आणि Format व Bit rate या दोन ओळी ताडून पाहा. एकीकडे HEVC आणि दुसरीकडे AVC दिसलं (AVC हे H.264 चंच दुसरं नाव), तर कारण सापडलं. मग HandBrake या कन्व्हर्टरमध्ये ठरावीक बिटरेटऐवजी RF, म्हणजे क्वालिटीचा आकडा, २२ ते २४ ठेवून आधी एकच मिनिट कन्व्हर्ट करा आणि टीव्हीवर लावून बघा. हा आकडा वाढवला की फाइल लहान होते, पण H.264 मध्ये ती ४५०च्या खाली येईलच असं नाही. व्हिडिओ महत्त्वाचा असेल तर MediaInfo चा अहवाल एखाद्या जाणत्या एडिटरला दाखवून मगच पूर्ण काम करा.

टीव्हीला कोडेक चालतो, फक्त एमकेव्ही चालत नाही. तरीही फाइल फुगेल का?

नाही. मग पुन्हा दाबायचंच कशाला? ffmpeg या प्रोग्रामने डबा तेवढा बदला, काही सेकंदांत होतं:

```
ffmpeg -i film.mkv -c copy film.mp4
```

सबटायटलवर अडलं तर जाणकाराला विचारा.

आता मूळ फाइल डिलीट करू ना?

अजिबात नाही. मोठी आहे म्हणून कन्व्हर्ट केलेलीच चांगली समजून मूळ उडवणारे मला दर महिन्याला भेटतात, आणि ती परत आणून देता येत नाही.