२० पैकी १५ छापे आले, मग नाणं खोटं म्हणायचं का?

प्रश्न: हायपोथेसिस टेस्टिंग पहिल्यांदाच शिकतोय. एक नाणं २० वेळा उडवलं, १५ वेळा छापा आला. पी-व्हॅल्यू ०.०४ निघाली. म्हणजे नाणं खरं असण्याची शक्यता फक्त ४ टक्के, बरोबर ना?

उत्तर: नाही. तुमचं गणित बरोबर आहे, पण त्याचा अर्थ वेगळा आहे. मी अनेक वर्षं सांख्यिकी शिकवते आणि जवळजवळ प्रत्येक वर्गात कुणीतरी इथेच अडखळतं.

आधी तो आकडा कुठून येतो ते हाताने पाहू. आपण क्षणभर धरून चालतो की नाणं खरं आहे, म्हणजे छापा आणि काटा दोन्हींची शक्यता निम्मी-निम्मी. यालाच शून्य गृहीतक म्हणतात. ते खरं आहे असं आपण म्हणत नाही, फक्त त्यावर उभं राहून मोजतो. नाणं २० वेळा उडवलं की छापा-काट्याचे एकूण १०,४८,५७६ क्रम होऊ शकतात (२ चा २० वा घात) आणि खऱ्या नाण्यासाठी ते सगळे सारखेच संभाव्य असतात. त्यांतल्या २१,७०० क्रमांत १५ किंवा जास्त छापे येतात. भागाकार केला की साधारण ०.०२०७.

इथे मुलं विचारतात, ‘बरोबर १५’ का नाही मोजायचं? कारण बरोबर एखादाच आकडा येणं हे नेहमीच दुर्मीळ वाटतं. अगदी १० छापे, म्हणजे सगळ्यांत अपेक्षित निकालसुद्धा फक्त १७.६ टक्के वेळा येतो, आणि नाणं २०० वेळा उडवलं तर बरोबर १०० छापे ६ टक्क्यांहूनही कमी वेळा. त्यावरून नाण्यावर संशय घ्यायचा म्हटलं तर एकही नाणं सुटणार नाही. म्हणून ‘इतकं किंवा याहून जास्त टोकाचं’ असं मोजतात. शिवाय १५ काटे आले असते तरी तुम्ही हाच प्रश्न विचारला असता, त्यामुळे दुसरं टोकही धरायचं. ०.०२०७ ची दुप्पट साधारण ०.०४१, तीच तुमची पी-व्हॅल्यू.

सूत्रावर विश्वास बसत नसेल तर संगणकाला खरं नाणं उडवायला लावा:

```python
import random
mojani = 0
for _ in range(10000):
    chhape = sum(random.random() < 0.5 for _ in range(20))
    if chhape >= 15 or chhape <= 5:
        mojani += 1
print(mojani / 10000)
```

उत्तर ०.०४ च्या आसपासच येईल. आता हा प्रोग्राम नीट वाचा. त्यात `0.5` आपणच लिहिलंय. नाणं खरं आहे हे आत बसवून टाकल्यावर तोच आकडा नाणं खरं असण्याची शक्यता कशी सांगणार? तो एवढंच सांगतो की खरं नाणं असलं तरी १०० वेळा प्रयोग केल्यास चारेक वेळा इतका कलता निकाल येतोच.

हे वर्गात डोळ्यांनी दिसतं. मी ४० मुलांना खिशातली साधी नाणी प्रत्येकी २० वेळा उडवायला सांगते आणि छाप्यांची संख्या फळ्यावर टिंबाने मांडते. ८ ते १२ च्या मध्ये टिंबांचा ढीग होतो आणि बहुतेक वेळा एखाददुसरं टिंब १५ वर नाहीतर ५ वर एकटं पडतं. एकदा १५ वाला मुलगा अडूनच बसला, ‘मॅडम, माझं नाणं खोटंच आहे.’ तेच नाणं पुन्हा २० वेळा उडवायला लावलं, ९ छापे आले. पहिला निकाल चुकीचा नव्हता. चाळीस जणांत कुणाच्या तरी वाट्याला असा निकाल बहुधा येणारच होता, तो याच्या आला.

मग नाणं खोटं असण्याची खरी शक्यता किती? त्यासाठी नाणं कुठून आलं हे माहीत हवं. समजा एका पेटीत १००० नाणी आहेत. त्यांतली १० खोटी आहेत आणि त्यांच्यावर छापा ७५ टक्के वेळा येतो. प्रत्येक नाणं २० वेळा उडवून १५ किंवा जास्त, नाहीतर ५ किंवा कमी छापे आलेली नाणी बाजूला काढली. ९९० खऱ्या नाण्यांतली साधारण ४१ अशी निघतील आणि १० खोट्यांतली साधारण ६. बाजूला काढलेल्या ४७ पैकी ४१ खरीच! प्रत्येकाची पी-व्हॅल्यू ०.०५ या नेहमीच्या मर्यादेखाली असूनही. पेटीत निम्मी नाणी खोटी असती तर चित्र उलटं झालं असतं. पी-व्हॅल्यूला पेटीची काहीच माहिती नसते.

तुम्ही ०.०५ ही मर्यादा नाणं उडवण्याआधी ठरवली असेल, तर ‘शून्य गृहीतक नाकारलं’ असं लिहायला हरकत नाही. पण आधी ठरवली होती का, हा प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. बरेच जण १० वेळा उडवतात, काही खास दिसलं नाही की आणखी १० वेळा, मग पुन्हा थोडं, आणि आकडा ०.०५ खाली गेला की थांबतात. असं दर थांब्यावर डोकावून पाहिलं की खऱ्या नाण्यालाही खोटं ठरण्याची नवी संधी मिळत जाते आणि खऱ्या नाण्यावर चुकीचा आरोप फार तर ५ टक्के वेळा होईल ही हमी उरत नाही. बाकाखाली गेलेलं नाणं ‘हे धरायचं नाही’ म्हणून सोडून देणंही तसंच. काय आलंय ते पाहून सोडलं तर मोजणी बिघडलीच.

उलट बाजूही आहे. १४ छापे आले असते तर पी-व्हॅल्यू ०.११५ झाली असती. त्यावरून नाणं खरं ठरतं का? मुळीच नाही. नाण्यावर खरोखर ६० टक्के छापा येत असेल, तरी २० वेळांचा हा प्रयोग ते शंभरातल्या साधारण १३ वेळाच पकडतो. २० वेळा उडवणं फार तोकडं आहे.

तुमच्या जागी मी असते तर आधीचे १५ छापे बाजूला ठेवले असते. ते पाहूनच संशय आला, त्यामुळे तेच पुरावा म्हणून पुन्हा वापरता येत नाहीत. कागदावर आधी लिहा: २०० वेळा उडवणार, ८५ किंवा कमी, नाहीतर ११५ किंवा जास्त छापे आले तरच नाकारणार. मग मध्ये न थांबता पुरे २०० करा. खऱ्या नाण्यावर चुकीचा आरोप व्हायची शक्यता इथेही ४ टक्क्यांच्या आसपासच राहते, पण ६० टक्क्यांचं नाणं आता शंभरातल्या सुमारे ७९ वेळा पकडलं जातं. ५२ टक्क्यांचं मात्र २०० मध्येही बहुधा निसटेल.

आणि हो, सुरुवातीला नाण्याची कुठली बाजू वर होती तेही लिहून ठेवा. २०२३ मध्ये संशोधकांनी ३,५०,७५७ वेळा नाणी उडवून नोंदी केल्या, तेव्हा सुरुवातीला वर असलेलीच बाजू पुन्हा वर येण्याचं प्रमाण ५०.८ टक्के निघालं. फरक अगदी बारीक आहे, २०० मध्ये जाणवायचाही नाही. पण तो हाताने उडवण्यातून येतो, नाण्यातून नाही. म्हणून १०० वेळा छापा वर ठेवून उडवा आणि १०० वेळा काटा वर ठेवून.