पितळी समईचं वर्णन कसं लिहावं?

प्रश्न: घरून पितळी समया विकते. 'लक्ष्मी नांदेल' वगैरे न लिहिता वर्णनात काय लिहू?

उत्तर: आधी धातू नक्की करा. तळाला लोहचुंबक लावा. चिकटला तर आत लोखंड आहे, मग 'पितळी मुलामा दिलेली लोखंडी' असंच लिहायचं. न चिकटला म्हणून लगेच 'शुद्ध पितळ' लिहू नका. सोनेरी रंग दिलेल्या ॲल्युमिनियमलाही तो चिकटत नाही. घडवणाऱ्याला विचारा आणि वजन करून तो आकडा द्या. पोकळ खांबाची समई फोटोत भरीवच दिसते, फरक वजनातच कळतो.

सगळ्यात जास्त तक्रारी उंचीवरून येतात. वरच्या मोरासकट १२ इंच असलेली समई मोर काढला की ९ इंचांची होते, आणि देव्हाऱ्यात बसेल की नाही हे गिऱ्हाईक उंचीवरूनच ठरवतं. म्हणून दोन्ही मापं द्या, बैठकीचा व्यासही.

नमुना म्हणून असं लिहा: 'पितळी समई, एक नग. उंची मोरासह १२ इंच, मोराशिवाय ९. बैठक ५ इंच. वजन ९५० ग्रॅम. पाच वातींची. तीन भाग, आट्यांनी जोडायचे. चकचकीत पॉलिश, वरून लॅकरचा पारदर्शक थर नाही. हवेने काळवंडेल, चिंच किंवा पितांबरीने उजळेल. वाती, तेल, ताट सोबत नाही.'

लॅकर असेल तर तेही सांगा, कारण ज्योतीजवळ ते करपतं आणि घासल्यावर डाग पडतात. फोटोत शेजारी ताट ठेवलं असेल, तर 'सोबत नाही' हे पहिल्याच ओळीत घ्या.