वजन उचलल्याने उंची खुंटते का?

15व्या वर्षी वजन उचललंस म्हणून उंची खुंटणार नाही, आईला निर्धास्त सांग. हाडांच्या टोकांजवळ मऊ कूर्चेची पट्टी असते, उंची तिथून वाढते. तिला इजा होते ती बहुधा पडल्याने किंवा न पेलणारं वजन हिसक्याने उचलल्याने. नीट शिकून केलेल्या व्यायामाने सहसा नाही. म्हणून आधी रिकाम्या बारवर स्क्वॉट शिक. तोही 20 किलोचा असतो, जड वाटला तर साधी काठी घे. 12 बैठकांत पाठ गोल झाली किंवा गुडघे आत वळले, तर वजन वाढवायचं नाही. मित्रांशी पैजा तर नकोतच. मनगटाजवळ किंवा गुडघ्याजवळ हाड दाबल्यावर दुखलं, तर थांब आणि डॉक्टरांना दाखव.