चेन ओढली, आता पुढे काय?

(या वेळचे बहुतेक प्रश्न धोक्याच्या साखळीबद्दल आले आहेत. मी स्वतः बरीच वर्षं गार्ड होतो, त्या पदाला आता ट्रेन मॅनेजर म्हणतात. त्यामुळे उत्तरं थोडी ब्रेकव्हॅनच्या बाजूने वाटली तर समजून घ्या.)

कल्याणला गाडी सुटली आणि ७२ वर्षांच्या सासूबाई फलाटावरच राहिल्या. मी चेन ओढली. आरपीएफने नाव-पत्ता लिहून घेतलाय. माझ्यावर खटला होईल का? – एक वाचक, डोंबिवली

नाव-पत्ता प्रत्येक वेळी लिहून घेतात, तेवढ्यावरून घाबरू नका. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४१ मध्ये चेन कधी ओढावी याची यादी दिलेली नाही. 'योग्य आणि पुरेशा कारणाशिवाय' ओढली तर गुन्हा, एवढंच कायदा म्हणतो. सोबतचं म्हातारं माणूस, लहान मूल किंवा अपंग व्यक्ती खाली राहिली, हे कारण रेल्वेही मान्य करते. तरीही बोलावणं आलंच, तर रेल्वे दंडाधिकाऱ्यांसमोर हेच सांगा आणि सासूबाईंचं त्या गाडीचं तिकीट जपून ठेवा. दोघींची नावं एकाच पीएनआरवर असली तर तोच उत्तम पुरावा.

वडापाव आणायला उतरलेल्या धडधाकट नवऱ्यासाठी चेन ओढली असतीत तर मात्र मी एवढा धीर दिला नसता.

शिक्षेचं गणित असं: एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पहिल्यांदा दोषी ठरलात तर दंड किमान ५०० रुपये. दुसऱ्यांदा किमान तीन महिने कैद. याहून कमी शिक्षा द्यायची तर न्यायालयाला निकालात त्याची खास कारणं लिहावी लागतात. शिक्षा न्यायालयच करतं, तेव्हा डब्यातच 'मिटवून टाकू' म्हणणाऱ्याच्या हातावर पैसे ठेवू नका.

एप्रिल २०२२ मध्ये मध्य रेल्वेच्या मुंबई विभागात चेन ओढण्याच्या ३३२ घटना नोंदल्या गेल्या. त्यांत सबळ कारण होतं फक्त ५३ वेळा. १८८ जणांवर कारवाई होऊन ९४ हजार रुपये दंड वसूल झाला. भागाकार करून पाहा, बरोबर माणशी पाचशे येतात. चेन ओढणं आणि गर्दी आवरायला त्या मे महिन्यात दोन आठवडे सीएसएमटी, दादर, ठाणे, कल्याण अशा स्थानकांवर फलाट तिकीट दहाचं पन्नास रुपये केलं होतं.

दारात उभा असताना चाळीस हजारांचा मोबाइल खाली पडला. चेन ओढायला हरकत काय? नुकसान माझंच आहे ना? – एक वाचक, मनमाड

हरकत आहे, आणि पाचशे रुपये हा तिचा लहानसा भाग आहे. चेन ओढली की ब्रेक पाइपमधली हवा निसटायला लागते. एरवी त्यात पाच किलोचा दाब असतो. तो घसरला की इंजिनात काटा हलतो, बझर वाजतो आणि लोको पायलट गाडी थांबवतो. गाडी थांबली की काम संपत नाही. हवा कुठल्या डब्यातून जातेय ते शोधून तिथला व्हॉल्व्ह हाताने पूर्ववत करावा लागतो, त्याशिवाय ब्रेक सुटत नाहीत. बावीस डब्यांची एलएचबी गाडी, डबा साधारण चोवीस मीटरचा, म्हणजे अर्ध्या किलोमीटरहून जास्त लांबी. पुढून सहायक लोको पायलट आणि मागून गार्ड, दोघं खडीतून डब्यामागून डबा बघत येतात. मग पुन्हा दाब भरायचा, मागे गार्डच्या डब्यातल्या काट्यावर पडताळायचा आणि मगच निघायचं. तोवर मागच्या गाड्या सिग्नलला उभ्या.

गाडी कुठे थांबेल हेही तुमच्या हातात नसतं. मे २०२२ मध्ये टिटवाळा आणि खडवलीदरम्यान गोदान एक्सप्रेस अशीच काळू नदीच्या पुलावर थांबली. पुलावर डब्याच्या बाजूने चालायला जागा नाही. सहायक लोको पायलटला डब्याखाली शिरून, खाली नदी दिसत असताना ती चेन पूर्ववत करावी लागली. मोबाइलसाठी कुणाला तिथे पाठवायचं का, ते तुम्हीच ठरवा.

तुम्ही करायचं ते असं. मोबाइल पडला त्या क्षणी बाहेरच्या विजेच्या खांबाकडे बघा. त्यावर आकडे असतात, समजा वर ७४ आणि खाली १२. वरचा किलोमीटरचा, खालचा त्या किलोमीटरमधल्या खांबाचा. वेगात वाचता आला नाही तर वेळ आणि नुकतंच मागे पडलेलं स्थानक लक्षात ठेवा. दुसऱ्या कुणाच्या फोनवरून १३९ ला कळवा. गस्तीवरच्या माणसाला मोबाइल सापडण्याची शक्यता त्या आकड्यावर अवलंबून असते.

रात्री वडिलांच्या छातीत दुखायला लागलं. चेन ओढली तर गुन्हा ठरेल का? – एक वाचक, अकोला

गुन्हा ठरणार नाही. पण मी तुमच्या जागी असतो तर चालत्या गाडीत ओढली नसती. शेतात थांबलेल्या गाडीत डॉक्टर येत नाही, उलट रुग्ण त्याच्यापासून तेवढा वेळ लांब राहतो. १३९ ला फोन करा, टीटीईला सांगा, पुढच्या स्थानकावर डॉक्टर बोलावतात. गाडी स्थानकात उभी आहे, वडिलांना उतरवायचंय आणि गाडी हलली, तेव्हा मात्र बिनदिक्कत ओढा.

डब्यात कुणी 'आग, आग' ओरडलं तर आधी चेन ओढायची की आधी उतरायचं? – एक वाचक, चाळीसगाव

तुमच्या भागातलीच घटना आठवा. २२ जानेवारी २०२५ ला पाचोऱ्याजवळ पुष्पक एक्सप्रेसमध्ये आगीची अफवा उठली, चेन ओढली गेली आणि लोक शेजारच्या रुळांवर उतरले. समोरून आलेल्या कर्नाटक एक्सप्रेसखाली डझनभर माणसं गेली. आग नव्हतीच.

धूर किंवा ज्वाळा स्वतः पाहिल्या तर चेन जरूर ओढा, त्यासाठी कुणी तुम्हाला दंड करणार नाही. मग गँगवेतून शेजारच्या डब्यात जा आणि मधलं दार लोटून घ्या. उतरावंच लागलं तर गाडी पूर्ण थांबल्यावर आणि ज्या बाजूला रूळ नाही तिकडे. आपल्याकडे गाड्या डाव्या मार्गाने धावतात, त्यामुळे दुहेरी मार्गावर गाडीच्या तोंडाकडे पाहून डावी बाजू बहुधा मोकळी असते. तीन-चार मार्ग असतील तिथे हा नियम लागू नाही, आधी वाकून बघाच. वंदे भारतमध्ये ओढायची साखळी शोधू नका. तिथे धोक्याचं बटण आणि चालकाशी बोलायचं यंत्र असतं.

वरच्या बर्थवर खेळताना पाच वर्षांच्या नातवाने लाल हँडल ओढलं. दंड कोणाला? – एक आजोबा, सांगली

नातवाला नाही. सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य कायद्याने गुन्हाच ठरत नाही. लपवू नका, गार्ड डब्यात आला की लगेच सांगा. कुठलं हँडल ओढलंय हे कळलं की त्याचं शोधणं वाचतं आणि गाडीही लवकर निघते. आणि त्या हँडलला पिशवी अडकवू नका. कितीतरी वेळा मी तंगडतोड करत डब्यापर्यंत पोचलो, तर तिथे हँडलला जेवणाच्या डब्यांची पिशवी लोंबत होती आणि मालक गाढ झोपलेला.